पाण्यातला मातकट वास: जिओस्मिन, इथेनॉल आणि व्हॅनिलिन यांच्या गंध-उंबरठ्याच्या नोंदी

३ फेब्रुवारी २०२५

प्रकल्पाचा प्रश्न असा: लिटरभर पाण्यात ५ ते १० नॅनोग्रॅम जिओस्मिन असलं तरी माणसाला मातीचा वास येतो. तेवढ्याच पाण्यात इथेनॉलचा वास कळायला सुमारे १०० मिलिग्रॅम लागतं. वजनात हा फरक एक-दोन कोटी पटींचा आहे. तो कुठून येतो आणि त्यातला किती भाग नाकाचा, हे मोजमापासकट पाहायचं आहे. तिसरा पदार्थ व्हॅनिलिन घेतला आहे, कारण प्रकाशित आकड्यांत तो या दोघांच्या मधे, लिटरमागे २० ते २०० मायक्रोग्रॅमच्या पट्ट्यात येतो. पुढे दिसेल की त्याचं हे 'मधे असणं' फसवं आहे.

जिओस्मिन निवडण्याचं कारण व्यावहारिक आहे. धरणाच्या पाण्यात निळी-हिरवी शेवाळं आणि अ‍ॅक्टिनोमायसीट जिवाणू ते तयार करतात. क्लोरीनने ते जात नाही. पाणी पिण्यास सुरक्षित असलं तरी वासाच्या तक्रारी येतात. पहिल्या पावसानंतर मातीचा जो वास येतो त्यातही त्याचा वाटा आहे. १९६५ साली गर्बर आणि लेशव्हालिए यांनी ते वेगळं काढून त्याला हे नाव दिलं.

उंबरठा म्हणजे काय, हे आधी ठरवून घेतलं. 'काहीतरी वेगळं आहे' एवढं कळण्याची पातळी एक आणि 'हा मातीचा वास' असं ओळखण्याची पातळी दुसरी. ओळखण्याची पातळी नेहमीच वर असते. या नोंदींत सगळीकडे पहिली पातळी अभिप्रेत आहे.

६ फेब्रुवारी

द्रावणं तयार केली. जिओस्मिनचं प्रमाणित द्रावण मिथेनॉलमधलं, मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम. त्यातलं १० मायक्रोलिटर काचेच्या सिरिंजने १०० मिलिलिटर पाण्यात सोडलं, की लिटरला १० मायक्रोग्रॅमचं मधलं द्रावण मिळतं. सिरिंजची सुई पाण्याच्या पृष्ठभागाखाली धरायची. वरून थेंब टाकला तर मिथेनॉलचा थेंब काचेवरच पसरतो आणि जिओस्मिनचा काही भाग तिथेच राहतो. मधल्या द्रावणातलं २४.३ मिलिलिटर घेऊन लिटरभर केलं: २४३ नॅनोग्रॅम. तिथून पुढे एक भाग द्रावण आणि दोन भाग पाणी असं करत ८१, २७, ९, ३ आणि १ नॅनोग्रॅमपर्यंत खाली.

प्रत्येक पायरी तिप्पट ठेवण्यामागे कारण आहे. नाकाची जाणीव गुणोत्तराने चालते. १ आणि ३ मधला फरक जेवढा जाणवतो, तेवढाच साधारण ८१ आणि २४३ मधला. समान बेरजेच्या पायऱ्या घेतल्या तर खालच्या टोकाला खूप मोठी उडी पडते आणि वरच्या टोकाला निरर्थक गर्दी होते.

मिथेनॉलचाही हिशेब केला. सर्वांत तीव्र बाटलीत ते लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम येतं, म्हणजे त्याचा स्वतःचा वास कळण्याच्या कितीतरी खाली. तरीही कोऱ्या बाटल्यांत तेवढंच मिथेनॉल घालायचं ठरलं, म्हणजे शंकेला जागा राहत नाही. नमुने फक्त हुंगायचे, तोंडात घ्यायचे नाहीत.

भांड्यांबाबत: २५० मिलिलिटरच्या रुंद तोंडाच्या काचेच्या बाटल्या, प्रत्येकीत १०० मिलिलिटर, झाकणाला टेफ्लॉनचं अस्तर. रबर आणि साधं प्लास्टिक पूर्ण वर्ज्य. जिओस्मिन प्लास्टिकमध्ये शिरून बसतं: तीव्र द्रावणातून कमी होतं आणि नंतर कोऱ्या पाण्यात परत सुटतं, म्हणजे दोन्ही टोकांचे आकडे बिघडतात. आम्लाने धुतलेलं भांडं भरपूर पाण्याने खंगाळायचं. आम्लात जिओस्मिनमधून पाण्याचा रेणू निघून जातो आणि उरलेल्या पदार्थाला वास राहत नाही.

१० फेब्रुवारी

कोरं पाणी हीच सर्वांत अवघड गोष्ट आहे. प्लास्टिकच्या कॅनमधून आलेल्या डिस्टिल्ड पाण्याला हमखास वास असतो. नळाचं पाणी घेतलं तर क्लोरीन जिओस्मिनला झाकतं. शेवटी सक्रिय कोळशातून गाळलेलं पाणी काचेच्या भांड्यात साठवून वापरलं. तपासणी सोपी आहे: तीन बाटल्यांत तेच कोरं पाणी भरून 'यातली वेगळी कोणती' असं विचारायचं. सगळे जण एकाच बाटलीकडे बोट दाखवू लागले, तर ती बाटली किंवा तिचं झाकण बाद.

१३ फेब्रुवारी

चाचणीची पद्धत तीन बाटल्यांच्या सक्तीच्या निवडीची. प्रत्येक पायरीवर तीन बाटल्या, दोन कोऱ्या आणि एकीत पदार्थ. बाटल्यांवर यादृच्छिक तीन अंकी क्रमांक. हुंगणाऱ्याने एक बाटली निवडायचीच. 'कळत नाही' हे उत्तर चालत नाही, अंदाजाने का होईना सांगायचं. ही सक्ती नसेल तर सावध माणसाचा उंबरठा उगाच वर जातो आणि उत्साही माणसाचा खाली, नाक दोघांचं सारखं असलं तरी.

क्रम कायम कमीकडून जास्तीकडे. उलटा क्रम ठेवला तर पहिल्याच तीव्र बाटलीने नाक थकतं आणि पुढच्या पायऱ्यांवर काहीच कळत नाही. जिओस्मिनच्या बाबतीत हा थकवा फार लवकर येतो. बाटली हलकेच फिरवायची, झाकण काढून दोन छोटे श्वास, लगेच झाकण. दोन बाटल्यांमध्ये अर्धा मिनिट, दोन पायऱ्यांमध्ये किमान दोन मिनिटं. चाचणीआधी तासभर चहा-कॉफी, पान, तंबाखू नको. त्या दिवशी अत्तर आणि केसांचं सुगंधी तेल नको. खोलीत उदबत्ती, फिनाइल काहीही नको.

गणिताचं उदाहरण नोंदवून ठेवत आहोत, कारण इथे गोंधळ होतो. समजा एका व्यक्तीची उत्तरं अशी आली:

| पातळी (नॅनोग्रॅम/लिटर) | १ | ३ | ९ | २७ | ८१ | २४३ |
|---|---|---|---|---|---|---|
| उत्तर | चूक | बरोबर | चूक | बरोबर | बरोबर | बरोबर |

३ वरचं बरोबर उत्तर उंबरठा मानायचं नाही. तीनातून एक निवडताना नुसत्या अंदाजानेही दर तीनदा एकदा बरोबर येतंच. शेवटची चूक ९ वर आहे आणि तिथून पुढे सलग बरोबर २७ पासून. म्हणून त्या व्यक्तीचा अंदाजी उंबरठा √(९×२७), म्हणजे १५.६ नॅनोग्रॅम. सर्वांत वरच्या एकाच पायरीवर बरोबर उत्तर आलं असेल तर तो योगायोगही असू शकतो; अशा वेळी वर आणखी एक पायरी जोडायची.

गटाचा आकडा काढताना साधी सरासरी चालत नाही. पाच जणांचे उंबरठे १.७, ५.२, ५.२, १५.६ आणि ४६.८ असे धरले, तर साधी सरासरी १४.९ येते, कारण एकटा ४६.८ तिला वर खेचतो. लॉगरिदम घेऊन केलेली गुणोत्तरी सरासरी ८.० येते. पायऱ्या गुणाकाराच्या, म्हणून सरासरीही गुणाकाराचीच.

१८ फेब्रुवारी

बाटलीवरच्या लेबलबद्दल. आपलं जिओस्मिन प्रयोगशाळेत बनवलेलं आहे, म्हणजे त्यात उजवा आणि डावा असे दोन्ही आरसा-रूपाचे रेणू निम्मेनिम्मे आहेत. निसर्गात जिवाणू फक्त डावा, म्हणजे ऋण रूपातला रेणू बनवतात, आणि तोच सुमारे दहापट तीव्र असतो. म्हणजे मिश्रणाचा उंबरठा ८ आला, तर त्यातलं खरं काम करणारं जिओस्मिन साधारण निम्मंच, ४ च्या आसपास. धरणाच्या पाण्याशी तुलना करताना हे विसरलं तर नाकाची क्षमता निम्म्यावर आणून ठेवू.

हाच मुद्दा या प्रकल्पाच्या गाभ्याचाही आहे. आरसा-रूपातल्या दोन रेणूंचं वजन सारखं, उडण्याचा वेग सारखा, पाण्यात विरघळणं सारखं. तरीही वासात दहापट फरक. हा फरक नाकातल्या ग्राहक प्रथिनाशिवाय दुसऱ्या कशाने समजावताच येत नाही. डाव्या हातमोज्यात उजवा हात जातो तसा दुसरा रेणू त्या प्रथिनाच्या खाचेत जेमतेम बसतो.

२४ फेब्रुवारी

आज इथेनॉल आणि जिओस्मिन यांचा फरक दोन भागांत फोडून पाहिला: पाण्यातून हवेत किती येतं आणि हवेतल्यापैकी नाकाला किती पुरतं.

जिओस्मिन ५ नॅनोग्रॅम प्रति लिटर धरलं. रेणूचं वजन १८२, म्हणजे लिटरभर पाण्यात सुमारे १६.५ लाख कोटी रेणू. २५ अंशांना बंद बाटलीत समतोल आला की पाण्यावरच्या हवेतली त्याची तीव्रता पाण्यातल्या तीव्रतेच्या सुमारे ३७० वा भाग असते. म्हणजे लिटरभर हवेत जवळपास ४,५०० कोटी रेणू. एका श्वासात २०० मिलिलिटर हवा ओढली तर ९०० कोटी. त्यातले बरेचसे गंधपटलाला न लागता घशाकडे जातात, तरीही उरतात ते पुष्कळ. 'अत्यल्प' हा शब्द वजनाला लागू पडतो. रेणूंच्या संख्येला नाही.

आता इथेनॉल, १०० मिलिग्रॅम प्रति लिटर, रेणूचं वजन ४६. पाण्यातल्या रेणूंची संख्या जिओस्मिनच्या सुमारे ८ कोटी पट. इथेनॉल पाण्याला धरून राहतं. हवेत येतं ते सुमारे ५,००० वा भाग. म्हणून हवेतली तफावत कमी होते, पण किती? ८ कोटींवरून सुमारे ६० लाखांवर. 'इथेनॉल पाण्यात जास्त विरघळतं म्हणून वास कमी' हे उत्तर पुष्कळदा ऐकायला मिळतं. त्याने जेमतेम तेरा-चौदापटीचा हिशेब लागतो. उरलेला ६० लाखपट फरक हवेतून पुढे, नाकात घडतो.

एक सुधारणा नोंदवावी लागेल: हा हिशेब समतोलाचा आहे. बाटली उघडल्यावर दुसऱ्या श्वासाला हवा पातळ झालेली असते. म्हणून दोनच श्वास आणि लगेच झाकण.

२७ फेब्रुवारी

नाकातला भाग. माणसात कार्यरत गंधग्राहकांचे सुमारे ४०० प्रकार आहेत. या जनुकांचं कुटुंब लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये दाखवलं. २००४ चं नोबेल त्यासाठीच. गंधाचा रेणू ग्राहकाच्या खाचेत किती घट्ट आणि किती वेळ बसतो, यावर किती कमी रेणूंत पेशी जागी होईल हे ठरतं.

इथेनॉलचा रेणू दोन कार्बनचा. खाच भरायला तो फार लहान आहे, आणि त्याचा हायड्रॉक्सिल गट पाण्यातच सुखी असतो, त्यामुळे पाणी सोडून प्रथिनात जाण्यात त्याला फारसा फायदा नाही. जिओस्मिनला दोन जोडलेली कडी आहेत, आकार ताठ आहे, बहुतेक पृष्ठभाग तेलकट आहे. असा रेणू पाण्यातून निघून तेलकट खाचेत बसला की ऊर्जेच्या दृष्टीने लाभच होतो, आणि ताठ असल्यामुळे बसताना त्याला आपला आकार बदलावा लागत नाही. सरळ साखळीच्या अल्कोहोलांची मालिका पाहिली तरी हेच दिसतं: कार्बन वाढत जातात तसा उंबरठा झपाट्याने खाली येतो. मात्र एका लांबीपुढे हा लाभ थांबतो. रेणू हवेत येईनासा होतो किंवा खाचेत मावत नाही.

घट्ट बसण्याची आणखी एक वाट धातूची आहे. गंधकाचे थायॉल रेणू तांब्याच्या आयनाला धरतात, आणि त्यांना ओळखणाऱ्या काही ग्राहकांना तांबं मिळालं की प्रतिसाद कितीतरी वाढतो. घरगुती गॅसमध्ये इथाइल मर्कॅप्टन मिसळतात ते याच्या जोरावर. इथेनॉलमधल्या ऑक्सिजनच्या जागी गंधक आला, एवढाच या दोन रेणूंत फरक.

४ मार्च

व्हॅनिलिन. १०० मिलिग्रॅम कोमट पाण्यात सहज विरघळतं, वेगळा द्रावक लागत नाही. यादीत त्याचा उंबरठा जिओस्मिनच्या हजारोपट वर दिसतो, म्हणून ते 'सौम्य' वाटतं. पण ते पाण्यातून हवेत येतं ते अंदाजे एक कोटीव्या भागाइतकंच. हा आकडा बाष्पदाब आणि विद्राव्यतेवरून काढलेला, त्यामुळे ढोबळ. तरीही अर्थ बदलत नाही: बाटलीवरच्या हवेत जे थोडे रेणू येतात तेवढ्यावर नाक काम करतं, म्हणजे ग्राहकाच्या बाजूने व्हॅनिलिन तीव्र पदार्थांच्या रांगेत आहे. त्याला अडवतं ते पाणी.

म्हणून पाण्यातल्या आकड्यांची यादी वाचून 'कोणता रेणू नाकाला जास्त प्रिय' असं ठरवणं चूक आहे. पाण्यातला आकडा अन्न आणि पाणी तपासणाऱ्याच्या कामाचा. ग्राहकाबद्दल बोलायचं तर हवेतला आकडा हवा. माध्यम बदललं की आकडा पुन्हा हलतो. तेलकट रेणू तेलात गुंतून राहतो, म्हणून तेलातला उंबरठा बहुधा पाण्यातल्यापेक्षा पुष्कळ वर असतो.

तापमानाचाही परिणाम इथेच बसतो. नमुने २५ ऐवजी ४५ अंशांना ठेवले तर हवेत जास्त रेणू येतात आणि उंबरठा खाली दिसतो. अहवालात तापमान नसेल तर त्यातल्या आकड्याची दुसऱ्या आकड्याशी तुलना करू नये.

११ मार्च

शुद्धता. सगळ्या प्रकल्पात सर्वांत जास्त काळजी इथे घ्यावी लागते, आणि प्रकाशित आकड्यांत शंभर-शंभरपट तफावत दिसते त्याचं एक मोठं कारण हेच आहे.

इथेनॉल १०० मिलिग्रॅम प्रति लिटर पातळीवर हुंगत आहोत. समजा त्यात दहा लाखांत एक भाग दुसरा कुठला तरी पदार्थ मिसळलेला आहे. बाटलीवर ९९.९ टक्के लिहिलेलं असलं तरी एवढी अशुद्धी सहज लपते. पाण्यात तो पदार्थ लिटरला १०० नॅनोग्रॅम झाला. त्याचा उंबरठा जिओस्मिनसारखा ५ असेल, तर तो स्वतःच्या उंबरठ्याच्या वीसपट वर आहे. मग हुंगणाऱ्याने ओळखलं ते इथेनॉल नव्हेच. म्हणजे ज्याचा उंबरठा जितका उंच, त्याच्या मोजमापावर अशुद्धीचा धोका तितका मोठा. जिओस्मिनच्या बाबतीत हा धोका जवळपास नाही: ५ नॅनोग्रॅममध्ये एक टक्का अशुद्धी असली तरी ती ०.०५ नॅनोग्रॅम.

ओळखायचं कसं? पहिली खूण वर्णनात मिळते. उंबरठ्याजवळच्या बाटलीचं वर्णन आणि तीव्र बाटलीचं वर्णन वेगळं येत असेल, खाली 'फळासारखा' किंवा 'रबरी' आणि वर 'स्पिरिट', तर संशय घ्यायचा. दुसरी खूण: दोन वेगवेगळ्या स्रोतांच्या नमुन्यांत उंबरठा दोन पायऱ्यांपेक्षा जास्त हलला तर निदान एक नमुना अशुद्ध. पक्की तपासणी गॅस क्रोमॅटोग्राफच्या हुंगण्याच्या नळीवर होते: यंत्रातून घटक एकेक करून बाहेर येतात आणि माणूस ते हुंगतो. ठळक शिखर नसलेल्या वेळी वास आला, तर तो अशुद्धीचा. यंत्राच्या डिटेक्टरला काही दिसत नाही आणि नाकाला कळतं, असं इथे नेहमी घडतं. प्रयोगासाठी डिनेचर्ड स्पिरिट कधीही वापरू नये. त्यात दुसरे पदार्थ मुद्दाम घातलेले असतात.

१७ मार्च

माणसामाणसांतला फरक. बहुतेक पदार्थांत गटाचे उंबरठे एका आकड्याभोवती पसरतात. काही पदार्थांत मात्र दोन वेगळे गठ्ठे पडतात. नीट अभ्यासलेलं उदाहरण बीटा-आयोनोनचं, व्हायलेटच्या फुलांचा वास असलेल्या रेणूचं. ओआर५ए१ या ग्राहकाच्या जनुकात एका जागी बदल असला की तो वास कितीतरी जास्त तीव्रतेला कळतो आणि कळला तरी फुलासारखा वाटत नाही. अशा पदार्थात गटाची सरासरी कोणाच्याच नाकाची नसते. दोन गठ्ठ्यांचे आकडे वेगळे द्यावेत. म्हणून सरासरी काढण्याआधी वैयक्तिक उंबरठ्यांचा आलेख काढायचा, हा नियम सगळ्या पदार्थांना लावला आहे. एखाद्याचा आकडा फार वर गेला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा चाचणी; सर्दीने आलेला फरक दिवसांनी बदलतो, जनुकाचा बदलत नाही.

२१ मार्च

पाण्याच्या नमुन्यांसाठी वापर. नमुन्यातली तीव्रता भागिले उंबरठा, हे गुणोत्तर काढायचं. विश्लेषणात नैसर्गिक जिओस्मिन १२ नॅनोग्रॅम आलं आणि त्या रूपाचा उंबरठा ४ धरला, तर गुणोत्तर ३: निम्म्याहून जास्त लोकांना वास कळेल. ३ म्हणजे वास तिप्पट जोरात, असा अर्थ घेऊ नये. उंबरठ्याच्या वर वासाचा जोर किती वेगाने चढतो ते प्रत्येक पदार्थाचं वेगळं असतं. गुणोत्तर १ च्या खाली असलं तरी तक्रार येऊ शकते, कारण उंबरठा हा गटाच्या मधला आकडा आहे आणि वर दिलेल्या उदाहरणात सर्वांत संवेदनशील व्यक्ती मधल्या आकड्याच्याही जवळपास पाचपट खाली होती.

नळाच्या नमुन्यात क्लोरीन असेल तर हुंगण्याआधी सोडियम थायोसल्फेटने ते मोडायचं, आणि तेवढंच थायोसल्फेट कोऱ्या पाण्यातही घालायचं. नमुना काठोकाठ भरून, गार पेटीत, त्याच दिवशी आणायचा. बाटलीत हवा राहिली तर जिओस्मिन तिच्यात जातं आणि झाकण उघडताच निघून जातं.

अहवालाच्या ओळीत आकड्यासोबत एवढं जाईल: माध्यम, तापमान, निवडीची पद्धत, पायरीचं गुणोत्तर, नमुन्याचं आरसा-रूप, शुद्धता कशी तपासली, आणि वैयक्तिक उंबरठ्यांची सर्वांत खालची व सर्वांत वरची किंमत.